मशीन किती टक्के चालू? एमटीबीएफ, एमटीटीआर आणि एका टर्निंग सेंटरचा तीन महिन्यांचा हिशोब

बेळगावजवळच्या उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा या पट्ट्यातल्या मशीन शॉपमध्ये आणि फाउंड्रीत मेंटेनन्सचं काम करताना जे प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारले गेले, ते इथे उत्तरांसह मांडले आहेत. सगळी उत्तरं एकाच मशीनच्या हिशोबाभोवती आहेत, म्हणून शक्यतो वरून खाली वाचावीत. हिशोब समजायला सोपा जावा म्हणून आकडे थोडे गोळाबेरीज केलेले आहेत, पण बिघाड तेच आहेत जे कोणत्याही दोन पाळ्यांच्या शॉपमध्ये होतात.

मशीनची उपलब्धता म्हणजे नक्की काय मोजायचं?

मशीन ज्या तासांत चालायला हवी होती, त्यातले किती टक्के तास ती चालण्याच्या स्थितीत होती, एवढंच. त्यासाठी दोन सरासऱ्या लागतात. पहिली, दोन बिघाडांमध्ये मशीन सरासरी किती तास नीट चालली. हिला एमटीबीएफ म्हणतात. दुसरी, एकदा बंद पडली की पुन्हा सुरू व्हायला सरासरी किती तास लागले. ही एमटीटीआर. सूत्र असं:

```
A = MTBF / (MTBF + MTTR) x 100
```

भागाकार पाचवीतला आहे. अडचण येते ती या दोन सरासऱ्यांमध्ये कोणते तास घालायचे आणि कोणते नाहीत, इथे. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न त्याचेच आहेत.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवा.

एक सीएनसी टर्निंग सेंटर घेऊ. दोन पाळ्या, सकाळी ७ ते ३ आणि ३ ते ११. प्रत्येक पाळीत अर्धा तास जेवणाचा गेला की दिवसाचे १५ तास उरतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३९० तास, तीन महिन्यांचे ११७० तास. या तीन महिन्यांत मशीन नऊ वेळा बंद पडली.

| बिघाड | बंद तास | हात लागलेले तास |
|---|---|---|
| टरेट क्लॅम्प होईना, सेन्सर खराब | २.५ | २ |
| कूलंट पंपाची मोटर | १.५ | १ |
| चक उघडेना, सोलेनॉइडची कॉइल गेली | ४ | १.५ |
| ल्युब अलार्म | ०.५ | ०.५ |
| टरेट पुन्हा | ३ | २.५ |
| ड्राइव्ह जळाला | ४५ | ३ |
| चिप कन्व्हेयर अडकला | १ | १ |
| दरवाजाचा स्विच | ०.५ | ०.५ |
| एक्स अक्षाची केबल आतून तुटली | ८ | २ |

बंद तासांची बेरीज ६६. म्हणजे मशीन ११७० पैकी ११०४ तास चालली. ११०४ ला ९ ने भागलं की एमटीबीएफ १२२.७ तास. ६६ ला ९ ने भागलं की एमटीटीआर ७.३ तास. सूत्रात घातलं की उपलब्धता ९४.४ टक्के येते. ११०४ ला थेट ११७० ने भागलं तरी हेच उत्तर येईल, आणि यायलाच हवं. दोन वाटांनी काढून उत्तर वेगळं आलं तर वहीत कुठेतरी तास चुकलेत असं समजावं.

तिसरा स्तंभ बघून ठेवा. सगळी गोष्ट त्यात आहे.

दुरुस्तीचा वेळ कधी सुरू झाला म्हणायचा आणि कधी संपला?

हा प्रश्न मला सगळ्यात कमी वेळा विचारला जातो आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बिघाडाच्या चार वेळा असतात. मशीन थांबली ती वेळ. मेंटेनन्सला कळलं ती वेळ. मशीनला प्रत्यक्ष हात लागला ती वेळ. आणि दुरुस्तीनंतरचा पहिला पीस तपासून पास झाला ती वेळ. उपलब्धतेसाठी पहिली आणि चौथी वेळ धरायची, मधल्या दोन वेळा कारण शोधण्यासाठी लिहायच्या.

बहुतेक वह्यांत मात्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळेपासून लिहिलेलं असतं, कारण वही मेंटेनन्सकडे असते. ऑपरेटर दुपारच्या पाळीत अर्धा तास स्वतः रिसेट करून बघतो, मग शेजारच्या मशीनवाल्याला बोलावतो, मग सुपरवायझर येतो. फिटरला निरोप जाईपर्यंत पाऊण तास गेलेला असतो. तो वहीत नसतो. फिटर सोडाच, मालकालासुद्धा तो कधी दिसत नाही.

शेवटच्या टोकाला तेच. टरेट उघडून बसवला, अलार्म गेला, मशीन फिरली की फिटर वहीत वेळ टाकतो आणि हात धुतो. पण टरेट हलल्यावर टूल सेंटर हायटला आहे का, टेपर येतोय का, ऑफसेट पुन्हा घ्यावे लागतात का, हे सगळं अजून व्हायचं असतं. एक-दोन पीस रिजेक्ट होऊन तिसरा पास होतो. वरच्या तक्त्यातल्या टरेटच्या दोन्ही नोंदी पहिला पीस पास होईपर्यंतच्या आहेत. अलार्म जाईपर्यंतच मोजलं असतं तर दोन्ही मिळून तास-दीड तास कमी दिसला असता, आणि काम मात्र तेवढंच अडलेलं राहिलं असतं.

ड्राइव्हचं काय झालं ते पाहा. मंगळवारी सकाळी सातला मशीन चालू करताच स्पिंडल ड्राइव्हचा अलार्म आला. इथल्या इलेक्ट्रिशियननं अर्ध्या तासात सांगितलं की ड्राइव्हच गेला आहे, आणि त्याचं बरोबर होतं. त्यानंतर पुण्याला फोन झाला. तिथे त्या मॉडेलचा ड्राइव्ह शिल्लक नव्हता, बेंगळुरूहून यायचा होता. बेळगावहून पुणे साधारण ३४० किलोमीटर, बेंगळुरू साधारण ५०० किलोमीटर. पैसे आधी की माल आधी, यात बुधवार गेला. पार्सल गुरुवारी रात्री साडेआठला हातात आलं. बसवून, पॅरामीटर तपासून, पहिला पीस पास व्हायला अडीच तास लागले, म्हणजे रात्रीचे ११. हात लागलेले तास तीन, पाळीचे तास ४५.

नऊही बिघाड मिळून ६६ तासांपैकी पाना, मीटर, स्क्रू ड्रायव्हर हातात होता ते फक्त १४ तास. उरलेले ५२ तास वाट बघण्यात गेले: माणसाची, सुट्या भागाची, निर्णयाची.

सर्व्हिस देणारे ९८.७ टक्के सांगतात, आमच्या वहीत ९४.४ येतात. कोण बरोबर?

दोघांचा हिशोब बरोबर असू शकतो, कारण दोघं वेगळी गोष्ट मोजताहेत. सर्व्हिसवाले हात लागलेले १४ तास धरतात. ११०४ भागिले १११८, म्हणजे ९८.७ टक्के. यातून मशीनची बांधणी कळते, म्हणजे ती किती वेळा बिघडते आणि उघडून दुरुस्त करायला किती सोपी आहे. मशीन विकत घेताना दोन कंपन्यांची तुलना करायला हा आकडा योग्य आहे.

पण पार्टीला माल कधी द्यायचा हे ठरवताना तो वापरला तर फसगत होते. तिथे ९४.४ च हवा, कारण पार्सलची वाट बघतानाही मशीन उभीच असते. दोन आकड्यांमधलं सव्वाचार टक्क्यांचं अंतर हे मशीनचं नाही, आपल्या व्यवस्थेचं आहे. मशीन बदलून ते कमी होणार नाही. मी तर म्हणेन दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. नुसता एक लिहिला की चर्चा मशीन चांगली की वाईट यावरच अडकते.

आम्ही ११७० भागिले ९ करून एमटीबीएफ १३० काढला. चुकलं का?

१३० ही संख्या स्वतः चुकीची नाही. काही पुस्तकांत एमटीबीएफ म्हणजे एका बिघाडाच्या सुरुवातीपासून पुढच्या बिघाडाच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ, त्यात दुरुस्तीही आली. पण मग तोच १३० वरच्या सूत्रात घातला तर दुरुस्तीचे तास दोनदा मोजले जातात आणि उत्तर ९४.४ ऐवजी ९४.७ येतं. १३० घ्यायचे असतील तर १३० मधून ७.३ वजा करून १३० ने भागा. फरक इथे छोटा दिसतो, पण दुरुस्ती लांबणाऱ्या मशीनवर तो मोठा होत जातो.

ड्राइव्ह मंगळवार सकाळ ते गुरुवार रात्र बंद होता. ते तर ६४ तास होतात, ४५ कसे?

मंगळवारी सकाळी ७ पासून गुरुवारी रात्री ११ पर्यंत घड्याळाचे ६४ तास होतात. पण आपण मशीनकडून दिवसाला १५ च तास मागत होतो, म्हणून पाळीतले तीन दिवसांचे ४५.

घड्याळ कोणतंही घ्या, पण एकच घ्या. चालण्याचे तास पाळीचे आणि बंदचे तास घड्याळाचे, अशी सरमिसळ झाली की मशीन आहे त्यापेक्षा वाईट दिसते. इथे ६४ धरले असते तर बंद तास ८५ झाले असते आणि उपलब्धता ९२.९ टक्क्यांवर आली असती. उलट रात्री अकरानंतर थांबून फिटरनं मशीन सकाळपर्यंत तयार केली, तर त्या रात्रीचे तास बंद धरायचे नाहीत. त्याची मेहनत ओव्हरटाइमच्या कागदावर दिसेलच, पण उत्पादन अडलं नाही हेही तितकंच खरं आहे.

वीज गेली तर ते तास कुणाच्या नावावर?

वीज जाणं हा मशीनचा बिघाड नाही. मशीनचा आकडा काढताना ते तास नियोजित तासांतूनच वजा करा. समजा तीन महिन्यांत पाळीच्या वेळात १८ तास वीज नव्हती. तर ११५२ तासांपैकी १०८६ तास मशीन चालली, म्हणजे ९४.३ टक्के. पण शॉपचा आकडा वेगळा काढा: ११७० पैकी १०८६, म्हणजे ९२.८ टक्के. पहिला आकडा मेंटेनन्सला विचारायचा आहे, दुसरा जनरेटर घ्यायचा की नाही हे ठरवायला आहे.

मात्र एक सावधगिरी. वीज आली आणि तरीही मशीन उठली नाही, होम पोझिशन हरवली, ड्राइव्हनं अलार्म दिला, तर वीज आल्या क्षणापासून पुढचा वेळ मशीनचा बिघाड आहे. तो विजेच्या नावावर टाकला तर कंट्रोलमधली उतरलेली बॅटरी किंवा सैल झालेलं अर्थिंग कधीच सापडत नाही. पावसाळ्यात खानापूर बाजूला वीज येत-जात राहते, तिथे ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे.

काम नव्हतं म्हणून मशीन उभी होती. ते चालण्याचे तास धरायचे का?

नाही. ऑर्डर नसताना उभी असलेली मशीन बिघडत नाही, म्हणून ते तास चालण्यात धरले की मंदीच्या महिन्यात टक्केवारी आपोआप छान दिसते. वरच्याच मशीनला तीन महिन्यांत २०० तास काम नव्हतं असं समजा. मग ती प्रत्यक्षात ९०४ तासच चालली. एमटीबीएफ १२२.७ वरून १००.४ तासांवर येतो आणि उपलब्धता ९३.२ टक्क्यांवर. मशीन तीच, बिघाडही तेच.

कंट्रोलच्या स्क्रीनवर चालू तासांचा काउंटर असतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो वहीत उतरवून घेतला की हा वाद उरत नाही.

आणि ठरवून केलेलं मेंटेनन्स?

सुट्टीच्या दिवशी केलं तर कुठेच धरायचं नाही. पाळीत केलं तर वेगळ्या रकान्यात. बिघाडात नाही.

लूमवर धागा तुटला की मशीन थांबते. तो बिघाड मोजायचा का?

वडगाव, खासबाग, शहापूरच्या पॉवरलूमवाल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. ताण्याचा धागा तुटून लूम थांबला, विणकरानं गाठ मारून पुन्हा चालवला, तर तो बिघाड नाही. लूमनं जे करायला हवं तेच केलं. असे थांबे बिघाडात मोजले तर एमटीबीएफ मिनिटांवर येतो आणि त्यातून काहीच शिकता येत नाही. सुताची प्रत आणि सायझिंग तपासायला त्यांची वेगळी मोजणी ठेवावी.

पण पिकिंग स्टिक तुटली, क्लच घसरायला लागला, मोटरचा पट्टा गेला, तर तो बिघाड. साधा नियम असा: चालवणाऱ्या माणसाच्या रोजच्या कामात जे बसतं ते थांबणं, आणि मशीनचा भाग बदलावा, जोडावा किंवा बसवावा लागतो तो बिघाड. आमच्या टर्निंग सेंटरवर याच नियमानं इन्सर्ट बदलणं बाहेर राहतं आणि ल्युब अलार्म आत येतो, कारण तिथे गाळणी काढून धुवावी लागली होती. एकदा नियम ठरला की वर्षभर बदलू नका. नाहीतर गेल्या महिन्याची आणि या महिन्याची टक्केवारी शेजारी ठेवता येत नाही.

उपलब्धता वाढवायची तर आधी कशाला हात घालायचा?

याच तक्त्यावर दोन प्रयोग करून बघा.

पहिला. छोटे चार बिघाड घ्या: कूलंट पंप, ल्युब अलार्म, कन्व्हेयर, दरवाजाचा स्विच. नीट साफसफाई आणि वेळेवर तपासणी करून हे चारही घडलेच नाहीत असं समजा. बिघाड नऊवरून पाचवर आले. एमटीबीएफ १२२.७ वरून २२१.५ तास झाला, जवळजवळ दुप्पट. मीटिंगमध्ये दाखवायला हा आकडा फार चांगला आहे. पण वाचले फक्त साडेतीन तास, आणि उपलब्धता ९४.४ वरून ९४.७ टक्के झाली.

दुसरा. एकही बिघाड कमी करू नका. फक्त ड्राइव्ह जिल्ह्यात कुठेतरी हाताशी होता, आणि ४५ ऐवजी ४ तासांत मशीन चालू झाली असं समजा. एमटीबीएफ फारसा हलत नाही, १२७ तास होतो. पण बंद तास ६६ वरून २५ वर येतात आणि उपलब्धता ९७.९ टक्के होते.

म्हणून नुसता एमटीबीएफ बघून खूश होऊ नये असं मी सगळ्यांना कळकळीनं सांगतो. दोन्ही सरासऱ्या लागतात, आणि आपल्या भागात बहुतेक वेळा दुसरीच जड असते, कारण सुटे भाग आणि ते जाणणारी माणसं दूरच्या शहरांत आहेत.

ड्राइव्हसारखी महाग वस्तू प्रत्येक मालकानं कपाटात ठेवावी असं माझं म्हणणं नाही. उद्यमबागेतच तोच कंट्रोल असलेल्या मशीन किती जणांकडे आहेत याची यादी करा. चार-पाच मालकांनी मिळून एक ड्राइव्ह घेऊन ठेवला तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च तीन दिवसांच्या उभ्या मशीनपुढे किती आहे, हे ज्यानं त्यानं आपल्या ताशी दरानं काढावं. घेताना पूर्ण मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. दिसायला सारखा ड्राइव्ह शेवटच्या अक्षरात वेगळा निघाला की तो चालत नाही, आणि हे बहुतेक वेळा बसवायला घेतल्यावरच कळतं. पॅरामीटरचा बॅकअप पेनड्राइव्हवर आणि त्याची एक प्रत ऑफिसच्या संगणकावर असू द्या. ड्राइव्ह आला, पण पॅरामीटर नाहीत म्हणून पुन्हा दिवस गेला, हे मी पाहिलेलं आहे.

आणि केबल. आठ तासांपैकी सहा तास इलेक्ट्रिशियनची वाट बघण्यात गेले, कारण तो मच्छ्यात दुसऱ्या कामावर होता. केबल चेनमधली तार आतून तुटली की अलार्म येतो आणि जातो, मल्टिमीटरवर तार नीट दिसते. अक्ष हलवत हलवत मीटर बघितला तर तुटलेली जागा सापडते. हे एका ऑपरेटरला शिकवून ठेवलं तर तो इलेक्ट्रिशियनला फोनवर नेमकं सांगू शकतो, आणि तो येताना केबल घेऊनच येतो.

छोट्या बिघाडांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. ते तास फारसे खात नाहीत, पण प्रत्येक थांब्यानंतर मशीन थंडावते, पहिला पीस मापाबाहेर जाण्याची शक्यता वाढते. तो तोटा उपलब्धतेत दिसत नाही, रिजेक्शनमध्ये दिसतो.

एमटीबीएफ १२३ तास म्हणजे मशीन दर १२३ तासांनी बंद पडणार का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. बिघाड कधीही येऊ शकतो असं गृहीत धरलं, तर १२३ तास सलग न अडता चालण्याची शक्यता साधारण ३७ टक्केच निघते. रोजच्या कामाला उपयोगी असा अर्थ दुसरा आहे: १५ तासांचा एखादा दिवस बिघाडाशिवाय जाण्याची शक्यता सुमारे ८८ टक्के. म्हणजे सरासरी आठ-नऊ दिवसांतला एक दिवस खराब.

तीन महिन्यांची नोंद पुरेशी आहे का?

ढोबळ अंदाजाला पुरेशी, करारावर सही करायला नाही. नऊ बिघाडांवरून काढलेला १२३ तासांचा एमटीबीएफ खरा किती असेल याची ९५ टक्के खात्रीची मर्यादा काढली, तर ती साधारण ६५ ते २६८ तास येते. एवढी रुंद. म्हणून पुढच्या तिमाहीत १२३ चे ११० झाले तर फिटरवर रागावू नका, आणि १४० झाले तर बक्षीसही लगेच देऊ नका.

दुरुस्तीच्या सरासरीचं आणखी वेगळं आहे. नऊ बिघाडांतले सात ४ तास किंवा त्याहून कमी वेळात मिटले. मधला आकडा अडीच तास. सरासरी ७.३ झाली ती एका ४५ मुळे. ड्राइव्ह दर तिमाहीला जळत नसेल, तर पुढच्या तिमाहीत सरासरी आपोआप खाली येईल आणि सगळ्यांना सुधारणा झाली असं वाटेल. म्हणून मोठा बिघाड नावानिशी वेगळा लिहा आणि तो वर्षातून किती वेळा येतो ते वर्षभरानं बघा.

सरासरीच्या आड लपणारी आणखी एक गोष्ट म्हणजे क्रम. पहिल्या महिन्यात दोन, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात चार असे नऊ झाले असतील, तर मशीन थकत चालली असू शकते. चार, तीन, दोन असे झाले असतील तर ती सुधारते आहे. दोन्हीकडे एमटीबीएफ १२३ च येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बिघाडाच्या तारखेला लाल ठिपका दिला तरी हे दिसतं.

फाउंड्रीत तीन मशीन एकामागे एक आहेत. प्रत्येक ९५ किंवा त्याच्या वर आहे, तरी लाइन का अडते?

कारण टक्के एकमेकांना गुणले जातात. सँड मिक्सर ९५, मोल्डिंग मशीन ९६, शॉट ब्लास्ट ९८ असेल, तर ०.९५ गुणिले ०.९६ गुणिले ०.९८, म्हणजे सुमारे ८९.४ टक्के. एकही मशीन वाईट नसताना लाइन दहातला एक तास उभी.

प्रत्यक्षात आकडा याहून थोडा बरा निघतो. एक मशीन बंद असताना बाकीच्या चालत नाहीत, म्हणून त्या वेळात त्या बिघडतही नाहीत. शिवाय शॉट ब्लास्टच्या आधी कास्टिंगचा साठा असतोच, तो बंद पडला तरी मोल्डिंग चालू राहतं. पण तयार वाळूचा साठा फार वेळ ठेवता येत नाही, ती वाळते. म्हणून अशा लाइनमध्ये पहिलं लक्ष सँड मिक्सरकडे द्यावं. शॉट ब्लास्टचा एक तास साठ्यावर निघून जातो, मिक्सरचा निघत नाही.

साखर कारखान्यात हेच सूत्र चालतं का?

चालतं, पण तास गाळप हंगामाचे घ्यायचे. हंगाम चोवीस तासांचा असतो, म्हणून तिथे घड्याळाचे आणि पाळीचे तास एकच. चिकोडी, अथणीकडच्या कारखान्यांत थांबण्याची कारणं वेगवेगळी लिहायची पद्धत आहेच: ऊस नाही, यांत्रिक, विद्युत, साफसफाई. उपलब्धतेत यांत्रिक आणि विद्युत एवढेच तास घ्या. ऊस नसल्यानं थांबलेली मिल बिघडलेली नसते.

सर्व्हिस करारात ९५ टक्के अपटाइमची हमी आहे. ती पुरेशी आहे ना?

ही हमी महिन्याची आहे की वर्षाची, ते आधी वाचा. दोन पाळ्यांच्या मशीनचे वर्षाचे ४६८० तास होतात, त्यांचे ५ टक्के २३४ तास. हमी वर्षाची असेल तर मशीन एकदाच सलग १५ दिवस उभी राहिली तरी करार मोडत नाही. महिन्याची असेल तर ३९० तासांचे ५ टक्के म्हणजे साडेएकोणीस तास, आणि आमच्या ड्राइव्हच्या ४५ तासांनी तो करार पहिल्याच फटक्यात मोडला असता.

दुसरं, तास कधीपासून मोजणार? तक्रार नोंदवल्यापासून की इंजिनिअर दारात आल्यापासून? ‘इंजिनिअर आल्यापासून’ असं असेल तर वाट बघण्याचे सगळे तास तुमच्या अंगावर. सुट्या भागाची वाट बघणं त्यात धरलंय का, तेही लिहून घ्या. तिसरं, एका वेळी सलग किती तासांपेक्षा जास्त बंद राहू नये, असं एक वाक्य टक्केवारीच्या सोबत घालायला सांगा. सरासरीची हमी देणारे या वाक्यावर थोडे थांबतात, पण आग्रह धरला तर देतात.

वही कशी ठेवायची? आमच्याकडे कुणी मराठीत लिहितो, कुणी कन्नडमध्ये.

गोकाकचा ऑपरेटर कन्नडमध्ये लिहील, खानापूरचा फिटर मराठीत, आणि दोघांनाही आपल्या भाषेत लिहू द्यावं. कारण स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या नोंदीत खरी हकीकत येते, जबरदस्तीच्या भाषेत ‘मशीन खराब’ एवढंच येतं. फक्त वेळा आणि मशीनच्या भागाचा क्रमांक आकड्यात असावा. टरेट १, हायड्रॉलिक २, कूलंट ३, ल्युब ४, इलेक्ट्रिकल ५, अशी यादी मशीनवर दोन्ही भाषांत चिकटवा. वही मशीनजवळ ठेवा, मेंटेनन्सच्या खोलीत नाही. पहिली वेळ ऑपरेटरनं लिहायची, शेवटची वेळ पीस पास करणाऱ्यानं.

महिनाअखेरी एक्सेलमध्ये ई रकान्यात बंद तास भरले, आणि नियोजित तास ११७० असतील, तर अनुक्रमे एमटीबीएफ, एमटीटीआर आणि उपलब्धता अशी निघेल:

```
=(1170-SUM(E2:E10))/COUNT(E2:E10)
=AVERAGE(E2:E10)
=1-SUM(E2:E10)/1170
```

शेजारच्या एफ रकान्यात हात लागलेले तास भरा आणि ई मधून एफ वजा करून जी रकान्यात ठेवा. मग सगळ्या ओळी जी रकान्यानुसार मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावा. वर आलेल्या पहिल्या दोन ओळींत आमच्याकडे ड्राइव्हचे ४२ तास आणि केबलचे ६ तास होते. वाट बघण्याच्या ५२ तासांपैकी ४८ या दोन ओळींतच आले.